एका 'मला'च्या तीन वाटा

शाळेत विभक्तीचे प्रत्यय घोकताना एक गोष्ट कुणालाच खटकत नाही. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचेही स, ला, ते. मार्क मिळतात आणि विषय संपतो. मी रशियन शिकवायला लागलो तेव्हा तो पुन्हा समोर आला, कारण रशियनमध्ये या दोन विभक्तींची सर्वनामं वेगळी आहेत. चतुर्थीला 'म्न्ये', द्वितीयेला 'मिन्या'. आपल्याकडे दोन्हीकडे 'मला'.

इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांना या 'म्न्ये'वर बरीच पानं खर्ची घालावी लागतात. मराठी मुलाला ती लागत नाहीत. 'मला उकडतंय' या वाक्यात उकडणारं कोण? कुणीच नाही. 'म्न्ये झार्का' तसंच. भूतकाळात बोलणारी मुलगी असली तरी ती 'मला उकडत होतं' म्हणते, 'होती' नाही. रशियनमध्येही 'म्न्ये बीला झार्का', आणि हे 'बीला' नपुंसकलिंगी एकवचनीच. थंडी वाजत असताना 'या खलोद्नी', म्हणजे 'मी थंड', असं प्रथमेत म्हटलं, तर अंग हाताला गार लागतं किंवा स्वभाव कोरडा आहे, असा अर्थ होतो.

गरजेच्या वाक्यात तर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. शब्दकोश हवा, गाडी हवी, पैसे हवे. रशियनमध्ये नूझन स्लवार, नुझ्ना माशीना, नुझ्नी द्येन्गी. क्रियापद आलं की आपण 'मला जायला हवं' म्हणतो, तेही 'म्न्ये नूझ्ना इत्ती', पुन्हा नपुंसकलिंगी. स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी रूपं कानाला जवळपास सारखी वाटतात. आघात शेवटी आला तर स्त्रीलिंगी, सुरुवातीला आला तर नपुंसकलिंगी. लिंग मात्र रशियन नामाचं बघायचं. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी असलं तरी त्यांचं 'क्नीगा' स्त्रीलिंगी, म्हणून 'नुझ्ना'. आवडण्याचंही तेच. जे आवडतं त्याच्याशी क्रियापद जुळतं, आवडणारा चतुर्थीत बसून राहतो.

हे सगळं इतकं घरचं वाटतं की पोरं निर्धास्त होतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. मी वर्गात एक छोटं पत्र भाषांतराला देतो. त्यात 'मला' मुद्दाम पेरलेला असतो: 'मला सगळे पिंटू म्हणतात. मला नुकतं एकविसावं लागलं. मला दोन भाऊ आहेत. मला मॉस्को आवडलं. काल मला ताप होता, म्हणून मला थंडी वाजत होती.' सहा वेळा 'मला'. बहुतेक वह्यांत सहाही ठिकाणी 'म्न्ये' येतं.

पहिल्या वाक्यात म्हणणारे सगळे, आणि हाक ज्याला मारतात तो कर्म. म्हणून द्वितीया: 'मिन्या झवूत'. रशियन कानाला तिथे 'म्न्ये' फार टोचतं. भाऊ आणि ताप ही दोन्ही माणसाजवळ असण्याची वाक्यं. तिथे रशियन 'ऊ मिन्या' वापरतो, शब्दशः 'माझ्यापाशी'. डोकेदुखीलाही हेच, आपण मात्र तिथे 'माझं डोकं दुखतं' म्हणतो, त्यामुळे 'मला'चा मोह होत नाही. उरली तीन वाक्यं: वय, आवड आणि थंडी. 'म्न्ये' फक्त तिथे.

वयाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपण सहसा 'मी एकवीस वर्षांचा आहे' म्हणतो आणि पोरं 'या' म्हणजे 'मी'ने सुरुवात करतात. त्यांना मी 'एकविसावं लागलं' आठवायला सांगतो. कुणाला लागलं? मला. अर्थाने ते तंतोतंत नाही, पण विभक्ती बरोबर पडते. पुढची अडचण 'वर्ष' या शब्दाची. 21 ला 'गोत', 22 ते 24 ला 'गोदा', 25 पासून 30 पर्यंत 'ल्येत', आणि 31 ला पुन्हा 'गोत'. संख्येचा शेवटचा शब्द काय आहे तेवढंच बघायचं. म्हणूनच 11 ते 14 ला 'ल्येत'. या संख्यांमध्ये एक, दोन असा सुटा शब्दच शेवटी येत नाही.

एक जागा मला स्वतःला फार आवडते. 'म्न्ये न्ये स्पीत्सा', म्हणजे झोप येत नाही. आपलं 'मला चालवत नाही', 'मला जेववत नाही' याच घाटाचं. पण 'चालवत नाही' म्हणजे अंगात ताकद नाही. 'म्न्ये न्ये पीशत्सा' म्हणणाऱ्या लेखकाच्या हाताला काही झालेलं नसतं, लिखाण आज जमून येत नाही एवढंच. सांगाडा एक, तक्रार वेगळी.

रशियन शिकणाऱ्यांनी वहीत 'मला म्हणजे म्न्ये' असं कधीही लिहून ठेवू नये. क्रियापद लिहावं आणि त्याच्यापुढे ते कोणती विभक्ती मागतं ते लिहावं.