साडेनऊचा फोन

या, तुमची ओळख करून देतो. हे साडेनऊचे फोनराव. मुक्काम नाशिक, ताईंच्या घरी. रोजची हजेरी मात्र पुण्याला, त्यांच्या धाकट्या भावाकडे, बाळूकडे. रात्रीचा ओटा पुसला गेला की हे वाजतात. एखाद्या दिवशी वाजले नाहीत तर नवराबायको दोघंही घड्याळाकडे बघतात, तो काळजीने आणि ती आशेने.

फोनरावांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवणं झाली का?" दुसरं, "भाजी कसली होती?" भाजीचं नाव कळलं की त्यांचा घसा मोकळा होतो. तिसऱ्या वाक्याला ते "स्पीकर बंद कर रे जरा" म्हणतात आणि बाळू गॅलरीत जातो. दार लोटल्याचा आवाज आला की वहिनींनी ओळखावं, घरात ठरलेलं काहीतरी आता बदलणार. मुलाची शाळा अशीच बदलली, दिवाळीत कोकणात जायचंही असंच राहिलं.

हुकूम करणं फोनरावांना अगदी कमीपणाचं वाटतं. "मी आपलं सुचवलं, करायचं ते तुमचं तुम्ही करा," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावर बाळू "बघू" म्हणतो. फोनरावांचा कान असा तयार झालाय की त्यांना "बघू" हे "हो" असंच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन मावश्यांना कळलेलं असतं, "बाळूचं ठरलं बरं का."

घराण्याचा अभिमानही आहे. लग्नानंतर नवरानवरी उंबऱ्याशी आली तेव्हा ताईंनी दार अडवलं होतं, "मुलगी माझ्या मुलाला देणार ना?" असं विचारून पाकीट घेतलं होतं. पुढे बारशाला आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव त्यांनीच सांगितलं आणि साडी घेतली. हे मान रीतीनेच दिलेले आहेत, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पाकीट मिळालं की दार सोडायचं, हा रीतीचा दुसरा भाग मात्र फोनरावांच्या कानावर कधी गेलेला नाही. (वहिनींच्या माहेरीही यांचा एक भाऊबंद आहे, रविवार सकाळचा. कानपिळीला धरलेला जावयाचा कान त्यानेही अजून सोडलेला नाही. त्याची ओळख पुन्हा कधीतरी.)

फोनरावांचा खरा कस लागला तो फ्लॅटच्या वेळी. साठ लाखांचा फ्लॅट, हप्ता दोघांच्या पगारातून निम्मा निम्मा. तेव्हा फोनराव म्हणाले, "आईच्या नावावर घे. बायकांना स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट आहे. साठ हजार वाचतील." आकडा बिनचूक होता. पुणे शहरात सात टक्क्यांऐवजी सहा टक्के भरावे लागले असते. खरेदीखतावर सगळी नावं बायकांचीच हवीत, हेही त्यांना ठाऊक होतं. वहिनीही बाईच आहेत, एवढंच तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाकीचा हिशेब गॅलरीत झालाच नाही. आई सदुसष्ट वर्षांच्या. मालक म्हणून त्यांचं नाव आलं की बँक कर्जातही त्यांना धरणार आणि मुदत देताना वयाकडे बघणार. हप्ते बाळूने भरले तरी घर त्याच्या मालकीचं नाही, म्हणून जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट त्याला मिळणार नाही. वहिनींचे निम्मे हप्ते तर कुठल्याच कागदावर दिसणार नाहीत. आणि आईंनी मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलाइतकाच मुलीचाही वाटा. ताईंच्या मनात यातलं काही नसावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. फोनराव बोलतात फार, पण कपटी नाहीत.

आधी वहिनींनी स्वतः फोन घेतला आणि हे सगळं मुद्देसूद सांगितलं. मुद्दे नाशिकला पोचलेच नाहीत. पोचलं ते एवढंच की वहिनी उलट बोलल्या. मग बाळूने तोंड उघडलं, पण म्हणाला काय, "ताई, तिला नको आहे." हे तर आगीत तेल! नवऱ्याने नकार बायकोच्या नावावर टाकला की फोनरावांना हवा असलेला खलनायक आयता मिळतो. तिसऱ्या दिवशी त्याने कारणं द्यायला घेतली. कर्जाची मुदत म्हटल्यावर ताईंच्या ओळखीचे बँकवाले निघाले, कर म्हटल्यावर त्यांच्या यजमानांचे सीए. प्रत्येक कारणाला फोनराव मोठ्या आनंदाने उत्तर देत होते. कारण मिळालं म्हणजे आपल्याला चर्चेला बोलावलंय, असाच त्यांचा समज.

शेवटी एका शनिवारी दुपारी दोघं कागद घेऊन बसली. नावं दोघांची, सूट सोडून द्यायची, आणि करारावर सह्या होईपर्यंत नाशिकला, माहेरी, कुणालाही अर्धवट काही सांगायचं नाही. ताईंनी बुकिंगला दोन लाख दिले होते, तो विषय वेगळा काढला. पैसे गुंतलेल्या माणसाला विचारायचा हक्क असतो, म्हणून ते उसने कधी आणि किती फेडायचे हे लिहून काढलं आणि पहिले पन्नास हजार बँकेतून पाठवले. ताईंचा भाऊ बाळू, तेव्हा बोलायचंही त्यानेच, हेही ठरलं.

त्या रात्री बाळू गॅलरीत गेला नाही. सोफ्यावर बसून म्हणाला, "ताई, आमचं ठरलंय. घर आम्हा दोघांच्या नावावर घेतोय. तुझे पैसे डिसेंबरपर्यंत पूर्ण येतील."

"आणि साठ हजार?"

"जाऊ देत. मलाच तसं हवंय."

"मी आपलं तुमच्या भल्याचं..."

"माहीत आहे गं. पण ठरलंय."

फोनराव रागावले की ओरडत नाहीत, गप्प बसतात. पहिल्या दिवशी शुकशुकाट. दुसऱ्या दिवशी वकील म्हणून आईंचा फोन आला, "तिला किती लागलंय रे मनाला!" बाळूने आईंनाही तेच वाक्य सांगितलं, शब्दही न बदलता. तिसऱ्या दिवशी तो विरघळायला लागला. अशा वेळी माणूस माफी मागायला म्हणून फोन करतो आणि खरेदीखत बदलून बसतो. वहिनींनी त्याला फोन करू नको असं म्हटलं नाही. "ताईंच्या गुडघ्याचं विचार," एवढंच म्हणाल्या. त्याने गुडघ्याचं विचारलं. वीस मिनिटं गुडघाच चालला, फ्लॅटचा फ निघाला नाही.

हे सगळं चालतं ते नुसत्या लुडबुडीपुरतं. उद्या हाच फोन वहिनींचे दागिने मागू लागला, माहेरून पैसे आणायला सांगू लागला, तर ती लुडबुड राहत नाही, छळ होतो. त्याला गुडघ्याचं विचारून भागत नाही. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन आणि वकील लागतात.

आमचे फोनराव त्या वाटेला जाणारे नव्हेत. पाचव्या रात्री साडेनऊला ते वाजलेच. जेवणं झाली, भाजी झाली. मग वहिनी स्वतःहून म्हणाल्या, "ताई, वास्तुशांतीचे गुरुजी तुम्हीच ठरवा. मला त्यातलं काही कळत नाही." क्षणभर शांतता. मग फोनराव असे खुलले, की दक्षिणा, दर्भ, होमाचं साहित्य, जेवायला किती पानं, सगळं तासभर चाललं. पावणेअकराच्या सुमाराला नेहमीचा आवाज बारीक झाला, "आणि हे बघ, स्वयंपाकघराच्या टाइल्स म्हणते मी, पांढऱ्या नकोत..."

"टाइल्स ठरल्यात, ताई," बाळू म्हणाला. "गुरुजी सकाळी कितीला येतील म्हणालीस?"