गजराचा वार

माउली, आमच्या शेजारचा दहावीचा एक मुलगा. पेपर शनिवारी ११ वाजता, तालुक्याची एसटी सकाळी आठची. शुक्रवारी रात्री दहाला त्याने मोबाईलमधला शाळेचा ५ चा गजर चालू केला. पण तो सोमवार ते शुक्रवारपुरताच लावलेला होता. पडद्यावर ‘२ दिवस ७ तासांनी’ असे क्षणभर उमटले, ते त्याने वाचलेच नाही. जाग आली तेव्हा सव्वाआठ झाले होते, एसटी निघून गेलेली. दूधवाल्याने टेम्पोत घेतले, म्हणून साडेदहाला, हजर राहायच्या वेळेला, पोर केंद्रावर टेकले. पहाटेची उजळणी मात्र बुडाली, ती बुडालीच. तेव्हा माउली, नातवाने गजर लावला की वेळेखालचा वार पाहा. रात्री दहाला लावलेला पहाटे ५ चा गजर ७ तासच दाखवील. जास्त दाखवला, तर तो उद्याचा नव्हे.