आधी ‘भागा’, मग ‘तीनने’

शुद्ध, भारदस्त आणि पुस्तकात छापतात तसं मराठी बोललं की डबिंग जमलं, असं माझं पक्कं मत होतं. अनसिंगसारख्या गावात ज्याचा आवाज खर्जातला आणि ज्याच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होत नाही, त्याच्याकडे शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन आपोआप येतं, मग गणपतीतलं, मग लग्नातलं. डोळ्याला ‘डोया’ म्हणणाऱ्या माणसांत राहून मी ‘डोळा’ म्हणायला शिकलो होतो आणि त्याचा मला, खोटं कशाला बोलू, गर्व होता. उच्चारांबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. बदललं ते वाक्यांबद्दलचं.

पहिला धक्का मुंबईत बसला. कार्टूनसाठी आवाजाची चाचणी द्यायला गेलो, तर माझ्या खर्जाकडे कुणी फारसं लक्षच दिलं नाही. कार्टूनमध्ये खर्जाला गिऱ्हाईक कमी. एखादा राक्षस, एखादा इन्स्पेक्टर. बाकी सगळी पोरं, आणि पोरांचे आवाज बहुधा बायका देतात. हिंदीतला निन्जा हातोडी पाहत वाढलेल्या कितीतरी जणांना तो आवाज मेघना एरंडे यांचा, हे माहीत नसतं. स्टुडिओला हवं असतं ते वेगळंच. समोर चित्र, हेडफोनमध्ये मूळ आवाज, हातात कागद, आणि एकेक तुकडा, म्हणजे लूप, समोर येत राहतो. तोंड उघडतं तिथे तुमचा आवाज सुरू होतो का, मिटतं तिथे थांबतो का, मधला दम पात्राच्या दमाशी जुळतो का, आणि पात्र धावताना, पडताना ज्या धापा-हुंकार काढतं ते तुम्ही देता की फक्त लिहिलेलं वाचता, हे बघतात.

ही मोजणी फार बारीक असते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दूरदर्शन प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत म्हटलंय की आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण ४५ मिलिसेकंदांपासून तो माणसाच्या लक्षात येतो, मागे पडला तर १२५ च्या आसपास. म्हणजे घाईला एका फ्रेमची सवलत, उशिराला तीन. विजेचा गडगडाट उशिराच ऐकू येतो, आपल्या कानाला ती सवय आहे. नवखा माणूस मात्र भीतीपोटी नेहमी आधीच सुरू करतो.

त्या चाचणीतला एक लूप माझ्या डोक्यात राहिला. हिंदीत पात्र म्हणतं, ‘अरे रुको, मैं अभी आया!’ कागदावर मराठी होतं, ‘अरे थांब, मी आत्ता येतो!’ अर्थ बरोबर, लांबी बरोबर, आणि तरी चित्रावर वाईट दिसत होतं. ‘थांब’ म्हणून माझे ओठ मिटत होते तेव्हा पात्राचं तोंड ‘को’वर उघडं. शेवटी त्याचा जबडा ‘आया’साठी सताड, माझा ‘येतो’ गोल. दिग्दर्शिकेने उभ्या उभ्या बदल सांगितला: ‘अरे थांब की, मी आलोच हां!’ आता ‘ब’ मध्येच निघून गेला, ‘मैं’ आणि ‘मी’चे ओठ एकाच जागी मिटले, आणि शेवट उघड्या ‘हां’वर. हे सगळं जवळच्या दृश्यापुरतं बरं का. पात्र दूर उभं असेल, पाठमोरं असेल, तर सुरुवात आणि शेवट जुळला की पुरे.

मला ते पटलं, पण मनात म्हटलं, ही कार्टूनची गंमत आहे. धड्यांच्या व्हिडिओत ओठच दिसत नाहीत, तिथे आपलं निवेदनी मराठी चालेल. पुढे गावात बसून गणिताचे इंग्रजी व्हिडिओ मराठीत करायचं काम मिळालं तेव्हा कळलं की ओठांची जागा तिथे पेन घेतं.

3x + 6 = 21 घ्या. दोन्ही बाजूंतून ६ वजा करून 3x = 15 झालं. आता इंग्रजी शिक्षक म्हणतो की भागा, दोन्ही बाजूंना, तीनने. त्या भाषेत क्रियापद आधी आणि ‘तीन’ शेवटी. त्यामुळे तो वाक्य संपवता संपवता पेनाने खाली ३ लिहितो. मी भाषांतर केलं होतं, ‘समीकरणाच्या दोन्ही बाजूंना तीनने भागले असता आपणास क्षची किंमत प्राप्त होते.’ एक तर जागा चार सेकंदांची, वाक्य त्याहून लांब. घाईने बसवलं तरी ‘तीन’ मधोमध पडला. ऐकणारं पोर पडद्यावर ३ शोधतं, तो अजून लिहिलेलाच नाही. आणि ३ उमटतो तेव्हा माझा आवाज पोचलाय ‘किंमत प्राप्त’पाशी. तपासणाऱ्या बाईंनी तो व्हिडिओ परत पाठवला. सोबत कसली चूक लिहिली नव्हती, फक्त ‘वाक्य आणि पेन वेगळे चाललेत’ एवढंच.

उपाय सापडला वाशीम-पुसद रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. ‘दे रे दोन कप, बिनसाखरेचे.’ घरात हाक ऐकू आली, ‘आन वं पानी, गडूभर.’ क्रियापद आधी, मोजमाप मागून. बोलताना आपण सर्रास असं करतो, लिहिताना चुकूनही नाही. मी वाक्य मोडलं: ‘आता भागू या. दोन्ही बाजू. तीनने.’ ‘तीनने’ म्हणताना पेन ३ वर होतं. ज्या बोलीपासून माझा आवाज इतकी वर्षं जपला, तिचाच क्रम उचलला होता, उच्चार तेवढे प्रमाण ठेवून.

हा क्रम सगळीकडे लावायचा नाही, हेही पुढे ध्यानात आलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ मराठीतही आहेत. तिथे प्रत्येक वाक्यापुढे वेळ नोंदलेली संहिता असते आणि पडद्यावरचं चित्र तेच राहून आवाज बदलतो. अशा कामात ‘फाइल मेनूवर क्लिक करा’ हे सरळ मराठीच बरं. मेनूचं नाव आधी येतं, नजर तिथे पोचते, मग क्लिक होतो.

पैशाचंही सांगतो, कारण विचारणारे तेच आधी विचारतात. माझ्या वाट्याला आलेले आकडे एवढेच आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका. कार्टूनमध्ये किरकोळ पात्राला भागामागे आठशे रुपये ठरले होते. एका बैठकीत तीन-चार भाग उरकतात. वाशीमहून मुंबईला जाऊन-येऊन, राहून त्यातलं हातात काय उरणार? मुंबईत राहणाऱ्यालाच ते परवडतं. धड्यांना तयार मिनिटामागे दीडशे. दहा मिनिटांचे दीड हजार ऐकायला छान वाटतात, पण भाषांतर, वेळेत बसवणं, ध्वनिमुद्रण आणि कापाकापी धरून पूर्ण दिवस जातो. सोयाबीनची मळणी सुरू असली तर तोही पुरत नाही. यंत्र थांबल्यावर, म्हणजे रात्रीच, माइक लावावा लागतो, तोही पंखा बंद करून, भिंतीला गोधड्या टांगून. म्हणून ठरवताना मी आता दोनच गोष्टी लिहून घेतो: भाषांतराचे पैसे दरात धरलेत की वेगळे, आणि माझ्या चुकीचं पुन्हा मुद्रण फुकट असलं तरी मंजूर संहिता नंतर बदलली तर त्याचे पैसे लागतील.

एका बाबतीत मात्र कुणी माझं मत बदलू शकलेलं नाही. कार्टूनमध्ये वऱ्हाडी बोलायला लावतात ते घरगड्याला नाहीतर बावळट चोराला. मला तसं पात्र देऊ केलं तेव्हा मी विचारलं, शास्त्रज्ञ वऱ्हाडी बोलला तर काय बिघडेल? दिग्दर्शिका हसली आणि म्हणाली, ‘पुढचा लूप घ्या.’