मतलई गेली, खारा यायचा आहे

१७ फेब्रुवारी, देवगड
पहाटे साडेपाच. काठीला बांधलेली चिंधी जेमतेम समुद्राकडे कललेली. मतलई. रात्री आभाळ मोकळं होतं, जमीन चांगली निवली. होड्या याच वाऱ्यावर बाहेर पडल्या.

१८ फेब्रुवारी
साडेदहाला वारा पडला. समुद्र तेलासारखा. अकराला लांबवर गडद रेघ दिसली, लाटांच्या चुळबुळीची. सरकत सरकत किनाऱ्याला लागली आणि बागेत खारा शिरला. पारा ३३ वरून ३० वर. कैऱ्या वाटाण्याएवढ्या आहेत, त्यांना एवढा आधार पुरतो.

संध्याकाळी चिंधी पाहिली. दुपारी पश्चिमेचा असलेला वारा आता वायव्येचा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो तासागणिक उजवीकडे वळत जातो.

१९ फेब्रुवारी
खारा ११.१०.

२१ फेब्रुवारी, फोंडाघाटाच्या पायथ्याशी, ताईकडे
शेजारच्या शेतात भाजावळ. सकाळी सातला धूर वर जातच नव्हता. जमिनीला चिकटून व्हाळातून खाली वाहत होता, पाणी वाहावं तसा. रात्रभर डोंगरउतार गार झाले, त्यांना लागलेली हवा जड होऊन दरीत उतरली. नऊनंतर धूर सरळ उभा राहिला. अकराला तोच डोंगराकडे चढू लागला. आता उतार तापले होते. दुपारी कड्याच्या डोक्यावर एकच पांढरा ढग.

ताई म्हणाली, "म्हणून आम्ही सकाळी पेटवतो. दुपारी आग वर रानात चढते."

इथे समुद्र नाही, तरी खेळ तोच.

२६ फेब्रुवारी, देवगड
मतलई नऊपर्यंत थांबायला हवी होती. थांबली नाही. दुपारी बारालाही वारा पूर्वेचाच, कोरडा. ही मतलई नव्हेच. देशावरची हवा घाट उतरून येते आहे. उतरताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंश तापते. पाच-सहाशे मीटरचा घाट. ओठ फुटले.

२७ फेब्रुवारी
रेघ दिसते, पण समुद्रातच अडकलेली. पूर्वेचा तिला पुढे येऊ देत नाही. कातळ भाजतोय. दोनला पारा ३८. अडीचला खारा आला एकदाचा. तोवर कलमांखाली हिरवा सडा पडला होता. देठ पिवळे.

ऊन तेच, आभाळ तेच. फरक साडेतीन तासांचा.

२८ फेब्रुवारी
पूर्वेचाच. पहाटे झाडांना पाणी सोडलं. झोप नाही.

१ मार्च
खारा १.४०. चार कलमांखाली वेचल्या: ६१.

२ मार्च
पहाटे चिंधी हलकीच समुद्राकडे. नऊला पडली. तासभर काहीच नाही, पान हलत नाही. मी पडवीत उभा. ११.२० ला रेघ हलली.

वेचल्या: ९.