वेळ पुसण्याआधी

सोमवार, ३ जून २०२४

सकाळीच दिग्दर्शक मित्राचा फोन. पेणच्या एका गणपती कारखान्यावर त्याने ५२ मिनिटांचा माहितीपट केला आहे. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी त्याची मराठी सबटायटल्स मीच केली होती. निम्मी मी टाइप केली, निम्मी माझ्या मदतनीस मुलीने.

"ताई, कारखान्यातल्या काकांचं बोलणं दिवाळी अंकाला सलग छापायचंय. पण काका म्हणतात, आधी कागदावर वाचीन, मगच हो म्हणीन. तुमच्याकडे फाइल आहेच ना?"

आहेच. एसआरटी फाइल म्हणजे एकाखाली एक रचलेले छोटे ठोकळे. प्रत्येकात आधी अनुक्रमांक, मग ओळ कधी दिसायला लागते आणि कधी नाहीशी होते ती वेळ, मग एक-दोन ओळींचा मजकूर आणि शेवटी एक रिकामी ओळ:

```
212
00:14:19,040 --> 00:14:21,960
थोरला मुंबईला गेला.

213
00:14:28,440 --> 00:14:31,200
रंगाचं काम आता सून बघते.
```

सेकंदानंतरच्या स्वल्पविरामापुढचे तीन आकडे म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग. असे ६११ ठोकळे आहेत. हाताने पुसायचे तर दोन दिवस मोडतील. म्हणून संध्याकाळी पायथनच्या पाच ओळी लिहिल्या. रिकामी ओळ सोड, बाण असलेली सोड, नुसत्या आकड्यांची सोड, उरलेलं जोडत जा:

```
for line in open("pen.srt", encoding="utf-8"):
    line = line.strip()
    if not line or "-->" in line or re.fullmatch(r"\d+", line):
        continue
    print(line, end=" ")
```

क्षणात सलग मजकूर तयार. फक्त अगदी सुरुवातीला एक "1" उरला. बाकीचे ६१० आकडे गेले आणि पहिलाच राहिला. तो नुसता "1" नव्हताच. फाइलच्या तोंडाशी एक अदृश्य खूण बसलेली असते, काही प्रोग्राम फाइल साठवताना ती आपोआप लावतात. ती चिकटल्यामुळे ती ओळ "नुसत्या आकड्यांची" ठरली नाही. वैतागून मी फाइलमधली न दिसणारी सगळी अक्षरं झाडून काढणारी एक ओळ घातली आणि झोपले.

मंगळवार, ४ जून

चहा घेताना प्रिंट वाचली. तिसऱ्या पानावर अडखळले. मित्र विचारतो, "यंदा किती मूर्ती?" लगेच पुन्हा तोच विचारतो, "आणि गेल्या वर्षी?" आणि पुन्हा तोच, "मग यंदा कमी का?" काका एकदम तिसऱ्या प्रश्नालाच उत्तर देतात. पडद्यावर तर त्यांनी तिन्ही प्रश्नांना उत्तर दिलं होतं.

मूळ फाइल उघडली. काकांचं पहिलं उत्तर एका ठोकळ्यात एकटंच होतं: "४००". दुसरं पुढच्या एका ठोकळ्यात: "६५०". माझ्या पाच ओळींनी दोन्ही अनुक्रमांक समजून पुसली. मला वाटलं होतं, अनुक्रमांक इंग्रजी आकड्यांत आणि संवाद देवनागरीत, म्हणजे घोळ व्हायचं कारण नाही. पण पायथनमध्ये `\d` म्हणजे कुठल्याही लिपीतला आकडा. त्याला ४ आणि 4 सारखेच.

आणखी किती उत्तरं गेली असतील? हे मोजता येतं. बाण असलेल्या ओळी मोजल्या: ६११. नुसत्या आकड्यांच्या ओळी मोजल्या: ६१४. दोन्ही संख्या सारख्या यायला हव्यात, कारण प्रत्येक वेळेमागे एकच अनुक्रमांक असतो. फरक तीन. दोन सापडले होते. तिसरा शोधला: कारखाना कधी सुरू केला, या प्रश्नाचं उत्तर, "१९८४".

यावर `\d` ऐवजी `[0-9]` लिहिणं हा अर्धाच उपाय झाला. उद्या कुणी संवादातलं वर्ष इंग्रजी आकड्यांत टाइप केलं की तीच चूक. अनुक्रमांकाची खरी ओळख तो आकडा आहे यात नाही, त्याच्या लगेच खालच्या ओळीत वेळ आहे यात आहे. म्हणून आता आकडा आणि वेळ मिळून एकच जोडओळ धरली आणि तिथेच फाइलचे तुकडे पाडले:

```
HEAD = re.compile(
    r"^[0-9]+[ \t]*\n([\d:,]+) --> ([\d:,]+).*\n", re.M)
parts = HEAD.split(text)
```

आता प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची सुरुवात आणि शेवट या दोन वेळाही हाताशी राहतात. तूर्त त्यांचा उपयोग नाही. ४००, ६५० आणि १९८४ जागेवर आले.

गुरुवार, ६ जून

मदतनीस मुलगी आली होती. तिला पानं वाचायला दिली. "मावशी, हे 'कोपर्यात' काय आहे? आणि 'दुसर्या'? मी असं नव्हतं लिहिलं."

खरंच नव्हतं. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. माझ्या कीबोर्डवर 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे, त्याचा पाय मोडून पुढे 'या' लावायचा. तिच्या कीबोर्डवर साधा 'र', हलन्त, मग एक अदृश्य जोडखूण आणि मग 'या'. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. ती जोडखूण काढली की 'र' उडी मारून 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. सोमवारी रात्री मी वैतागून झाडलेल्या अदृश्य अक्षरांत ही जोडखूणही गेली होती. म्हणून माझे निम्मे ठोकळे शाबूत राहिले आणि तिच्या निम्म्यांत प्रत्येक 'ऱ्या' मोडला.

मराठीत ही नुसती शुद्धलेखनाची बाब नाही. दऱ्या आणि दर्या, आचाऱ्याला आणि आचार्याला: अर्थच पालटतो. आणि हे वाचल्याशिवाय कळतही नाही, कारण प्रोग्रामने कसलीही चूक दाखवली नव्हती.

झाडूची ओळ काढून टाकली. सुरुवातीच्या खुणेपुरता उपाय आधीपासूनच होता. फाइल उघडतानाच तसं सांगायचं, म्हणजे तोंडाशी असलेली ती एकच खूण गळते आणि बाकी अक्षरांना हात लागत नाही:

```
text = open("pen.srt", encoding="utf-8-sig").read()
```

शुक्रवार, ७ जून

शब्द आता सगळे जागेवर आहेत, तरी वाचवत नाही. ५२ मिनिटांचा एकच परिच्छेद. त्यात सोमवारची ही वाक्यं: "थोरला मुंबईला गेला. रंगाचं काम आता सून बघते." सलग वाचलं की वाटतं, मुलगा गेला म्हणून सुनेवर काम पडलं. फिल्ममध्ये तसं काही नाही. मुलाचं बोलून काका थांबतात, कॅमेरा वाळत ठेवलेल्या मूर्तींवरून फिरतो आणि मग ते सुनेच्या हाताचं, तिने केलेल्या डोळ्यांच्या आखणीचं कौतुक सुरू करतात. पहिला ठोकळा संपतो २१.९६० सेकंदांना, दुसरा सुरू होतो २८.४४० ला. मध्ये साडेसहा सेकंद. मी सोमवारी पुसले ते हे साडेसहा सेकंद.

म्हणजे परिच्छेद कुठे पाडायचा हे फाइलला ठाऊक आहे, फक्त ते वेळेच्या ओळीत लिहिलेलं आहे. ती ओळ पुसायची, पण वाचून झाल्यावर.

मग प्रत्येक ठोकळ्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांतलं अंतर काढून लहान ते मोठं असं मांडलं. बहुतेक अंतरं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ती बोलण्यातली नव्हेत, माझी आहेत. एक ओळ जाऊन दुसरी आली हे डोळ्याला कळावं म्हणून सबटायटल करणारा मध्ये निदान दोन फ्रेम मोकळ्या सोडतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ते ०.०८ सेकंद होतात. त्यानंतर श्वासाची अंतरं, सेकंद-दीड सेकंद. आणि मग खरे थांबे.

एक सेकंदाची मर्यादा लावून पाहिली, तर दर दोन वाक्यांना परिच्छेद तुटू लागला. अडीच सेकंदांना ४७ परिच्छेद पडले आणि वाचताना ते पटले. प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत त्याची सुरुवातीची वेळ तेवढी ठेवली, म्हणजे शंका आली तर फिल्ममध्ये नेमकं तिथे जाता येईल.

शनिवार, ८ जून

आज हाताचं काम. एका ठोकळ्यात दोघं बोलतात तेव्हा प्रत्येकाच्या ओळीआधी आडवी रेघ असते. त्या रेघेवर ओळ तोडणं सोपं. पण कोण बोललं हे फाइलमध्ये कुठेच नाही. प्रेक्षकाला चेहरे दिसत असतात, म्हणून मी ते कधी लिहिलंच नव्हतं. काका, सून आणि पडद्याबाहेरून विचारणारा मित्र असे तीन आवाज. फिल्म लावून, थांबवत थांबवत, प्रत्येक बोलण्याआधी नाव घातलं. दुपार गेली. चौकटी कंसातल्या "[पॉलिश पेपर घासल्याचा आवाज]" अशा ओळी काढल्या नाहीत, तिरप्या अक्षरांत वेगळ्या ठेवल्या. कागदावर त्यांनीच कारखाना दिसतो.

संध्याकाळी १९ पानं मित्राला पाठवली.

शुक्रवार, १४ जून

मित्र पेणहून बोलत होता. काकांनी पेन्सिल घेऊन पानं वाचली. दोन गावांची नावं नीट करून दिली. आणि एका जागी आडवी रेघ मारून म्हणाले, "हितं मी गप बसलो होतो. तुम्ही लगेच पुढं पळालात."

परिच्छेदाच्या डोक्यावरच्या वेळेवरून ती जागा काढली, एकतिसावं मिनिट. फाइलप्रमाणे ठोकळा ३१ मिनिटं ०९.६०० सेकंदांना संपतो, पुढचा ११.४०० ला लागतो. अंतर १.८ सेकंद. माझ्या अडीचच्या चाळणीतून ते निसटलं, ते नियमाप्रमाणेच होतं. मग आवाज ऐकला. काकांचं वाक्य ०७ लाच संपतं. ओळ लांब होती, वाचायला वेळ मिळावा म्हणून ती मी आणखी अडीच सेकंद पडद्यावर धरून ठेवली होती. खरी शांतता चार सेकंदांहून जास्त. तिच्यातला मोठा वाटा माझ्याच ओळीने झाकला होता.

फाइलमधल्या वेळा ओळीच्या असतात, बोलण्याच्या नव्हे. लांब ओळीनंतरचा थांबा नेहमी खऱ्यापेक्षा तोकडा दिसणार. उद्या ज्या ठोकळ्यांत ओळ लांब आणि पुढचं अंतर सेकंदाहून जास्त आहे, तेवढ्यांची यादी काढून कानाने तपासायची.

काकांच्या रेघेवर परिच्छेद पाडला. आता ४८.