पंधरवड्याचा मजकूर

भाद्रपद वद्य प्रतिपदा उजाडली, की मोटारींच्या दालनाचे मालक मजकडे येऊन 'पंधरवडा अगदीच कोरडा जाऊ नये, असे काहीतरी लिहा' अशी आज्ञा करतात. आणि दुसऱ्यांच्या मालाविषयी लिहिण्यात ज्याची उमर गेली तो मी दरसाल त्याच एका वाक्यापाशी अडखळतो. ग्राहकास बोलवावे खरे, पण कशासाठी?

पितरांच्या आशीर्वादाने नवी गाडी घ्या, असा फलक शेजारच्या एका दालनाने लावला होता. श्राद्धाच्या पानावर सवलतीची चिठ्ठी वाढावी, तसा तो मला वाटला. याहून सभ्य दिसणारी युक्ती म्हणजे या काळात खरेदी निषिद्ध नाही, हे काही पंचांगकर्त्यांचे मत छापणे. मत प्रामाणिक असेलही. परंतु तेच विक्रेत्याच्या तोंडी आले की त्यास स्वार्थाचा वास येतो, आणि वडिलांची तिथी करून उठलेल्या माणसाशी दुकानदाराने शास्त्रार्थ मांडावा, हे मला कधीच रुचले नाही.

माझ्या हाताखाली नुकतीच आलेली मुलगी मात्र सरळ विचारती झाली, "सर, लोक नेमकं काय टाळतात?" मग तीच दालनात बसून ऐकत राहिली. कोणी गाडी चालवून पाहतो, कर्जही मंजूर करून घेतो, पण इसार देत नाही. कोणी इसार देतो, पण बिलावर या पंधरवड्याची तारीख नको म्हणतो. कोणास बिलाचे वावडे नसते, फक्त गाडी दारात यायला नको असते. खरी अडचण येथेच आहे. बिल, विमा आणि नोंदणी झाल्यावाचून गाडी दालनाबाहेर पडत नाही. तेव्हा 'घटस्थापनेस ताबा' असे मोघम आश्वासन दिले, तर घरी गेल्यावर कागदावर सर्वपित्री अमावास्येची तारीख वाचून गृहस्थ दुखावतो, आणि त्याचे दुखावणे रास्तच असते.

अखेर मजकूर असा ठरला: 'गाडी पाहून, चालवून जावे. इसार व ताबा आपण सांगाल त्या दिवशी. घटस्थापनेस ताबा हवा असल्यास बिल व विमा त्याआधीचे असतील. तेही नको असल्यास दसरा धरावा.'

२०२५ साली या मजकुराची परीक्षा होऊ शकली नाही. घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि लहान मोटारींवरील जीएसटी त्याच दिवशी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यामुळे आधीची तारीख बिलावर कोणासच नको होती, आणि दालन पितरांमुळे ओस आहे की करामुळे, हे सांगण्याची सोय उरली नाही. एका गृहस्थाने मात्र जाहिरात हातात धरून दसरा मागितला. मालकांना बिलाच्या तारखेचे वाक्य फार पसंत पडले. ते तिसरे वाक्य त्या मुलीचे. पण मालक माझी पाठ थोपटत असता मी मान किंचित लववून ती थाप स्वीकारली, आणि ती समोरच उभी होती.