शिफारस पहिल्या ओळीत

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीने आपल्या छतावर सौर पॅनेल बसवावेत की नाही, याचा प्रस्ताव एका सल्लागाराने तयार केला आणि मालकांकडे जाण्याआधी तो माझ्याकडे संपादनासाठी आला. प्रस्ताव चाळीसेक पानांचा, कार्यकारी सारांश दोन पानांचा. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलून, सोपे करून देतो. सारांशाची रचना मात्र होती तशीच सांगतो.

सुरुवातीला देशाचं ऊर्जाधोरण, मग सल्लागाराचा परिचय, मग कारखान्याचं वीजबिल कसं चढत गेलं याची हकिगत. त्यानंतर छताची पाहणी आणि दोन पर्यायांची तुलना. दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी हे वाक्य: ‘वरील सर्व बाबींचा विचार करता, स्वतःच्या गुंतवणुकीतून सुमारे ३०० किलोवॉट क्षमतेचा प्रकल्प उभारण्याचा पर्याय व्यवस्थापनाने विचारात घ्यावा असे सुचवावेसे वाटते.’

असं लिहिणारा आळशी नसतो. तो ज्या क्रमाने शिकला, त्याच क्रमाने सांगतो: आधी पाहणी, मग हिशेब, शेवटी निष्कर्ष. वाचणाऱ्याची गरज नेमकी उलटी असते. संचालकाला आधी कळायला हवं की त्याच्याकडे काय मागितलं जातंय. मग पुढचं प्रत्येक वाक्य तो त्या मागणीच्या बाजूने किंवा विरोधात मोजू शकतो. मागणीच ठाऊक नसेल, तर वीजबिलाची हकिगत वाचून त्याने करायचं काय? १९६३ साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत दाखल झालेल्या बार्बरा मिंटो यांनी अहवाललेखनाची जी पद्धत घालून दिली, तिचा पाया हाच आहे: उत्तर वर, त्याला आधार देणारी कारणं त्याच्या खाली. त्यांच्या पद्धतीत उत्तराआधी परिस्थिती आणि अडचण सांगणारी छोटी प्रस्तावना असते. लोक ती दोन-तीन वाक्यांची प्रस्तावना पानभर फुगवतात आणि पद्धत पाळल्याचं समाधान मानतात.

तेव्हा पहिलं काम शिफारशीचं वाक्य शोधून वर आणण्याचं. पण ते वाक्य जसंच्या तसं उचलून चालत नाही. माझी एक कसोटी आहे: हे वाक्य संचालक मंडळाच्या इतिवृत्तात ठराव म्हणून जसंच्या तसं उतरवता येईल का? ‘विचारात घ्यावा असे सुचवावेसे वाटते’ याचा ठराव होत नाही, कारण त्यात मंजूर करण्याजोगं काहीच नाही. ठरावाला कृती लागते, रक्कम लागते आणि अट असेल तर ती अट लागते. सल्लागाराला मी या तीन गोष्टी विचारल्या, तेव्हा अट त्याने सारांशात कुठेच लिहिली नव्हती असं दिसलं. जुन्या शेडचा सांगाडा पॅनेलचं वजन पेलेल की नाही, हा प्रश्न आतल्या एका तक्त्याच्या तळटीपेत पडून होता.

वाक्य वर आलं आणि दुसरी गोष्ट उघडी पडली. शिफारशीच्या शेजारी परतफेडीचा काळ लिहिला होता सव्वातीन वर्षं. दुसऱ्या पानावर, वर्णनांच्या गर्दीत तो आकडा कोणाला खुपला नव्हता. पहिल्या परिच्छेदात आल्यावर मी साहजिकच विचारलं, कसा काढला? एक किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट, म्हणजे ३०० किलोवॉटला ४ लाख २० हजार युनिट, इथवर ठीक. पण प्रत्येक युनिटची बचत धरली होती १० रुपये. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून हा दर काढला होता. त्या बिलात मागणी आकारही येतो आणि दिवसा छतावरून वीज मिळाली म्हणून तो फारसा उतरत नाही. संध्याकाळी आणि रात्री भट्टी चालायची ती महावितरणच्याच विजेवर. खरी बचत फक्त दिवसाच्या तासांच्या ऊर्जा आकाराची, इथे सुमारे ७ रुपयांची. मग वर्षाची बचत ४२ लाखांवरून २९ लाखांवर येते. फाउंड्रीची काजळी पॅनेलवर बसते, ती वारंवार धुवावी लागते. धुण्याचा आणि देखभालीचा खर्च वजा केला की उरतात २७ लाख. एक कोटी ३५ लाखांची गुंतवणूक सव्वातीन नव्हे, पाच वर्षांत वसूल होणार. शिफारस तरीही टिकली, पण मालकांच्या हिशेबनीसाने हा आकडा बैठकीत पकडला असता, तर प्रस्ताव तिथेच बारगळला असता.

नवा सारांश असा झाला:

‘कारखान्याच्या छतावर स्वतःच्या गुंतवणुकीतून ३०० किलोवॉटचा सौर प्रकल्प बसवावा आणि त्यासाठी १ कोटी ३५ लाख रुपये मंजूर करावेत. शेडचा सांगाडा वजन पेलेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मिळाल्यावरच खरेदीचा आदेश द्यावा. वर्षाला निव्वळ सुमारे २७ लाख रुपये वाचतील आणि गुंतवणूक साधारण पाच वर्षांत वसूल होईल. यात व्याज व करसवलत धरलेली नाही. कंत्राटदाराने स्वखर्चाने प्रकल्प उभारून ५ रुपये युनिटने वीज विकावी, हा दुसरा पर्याय तपासला. त्यात भांडवल लागत नाही, पण वर्षाची बचत आठ लाखांच्या आसपास राहते आणि १५ वर्षांचा करार करावा लागतो. पावसाळ्यात उत्पादन बरेच घटेल. वरील आकडे वर्षभराचे आहेत.’

पावसाळ्याच्या वाक्याबद्दल सल्लागार कुरकुरला. वाईट बातमी सारांशात कशाला? मी ते ठेवायला लावलं. कोल्हापूरचा पाऊस मालकांना माहीत आहे. जुलैचं बिल पाहून त्यांनी फोन करावा, त्यापेक्षा आधीच वाचलेलं बरं. नाकारलेला पर्यायही असाच ठेवावा लागतो, कारण ‘तो दुसरा मार्ग का नको?’ हा संचालकाचा पहिला प्रश्न असतो. ऊर्जाधोरण मात्र पूर्ण गेलं. सल्लागाराचा परिचय प्रस्तावाच्या शेवटी गेला. कापताना मी प्रत्येक वाक्याला एकच विचारतो: हे काढलं तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं कठीण होईल का? होणार नसेल, तर त्याची जागा आतल्या पानांत.

ही रचना सगळीकडे चालत नाही. निविदेत मजकुराचा क्रम ठरवून दिला असेल, तर तोच पाळायचा. दोन लिफाफ्यांच्या निविदेत विशेष सांभाळावं लागतं: तांत्रिक लिफाफ्यातल्या सारांशात किंमत लिहिली, तर निविदाच बाद होऊ शकते. तिथे पहिल्या ओळीत काय देणार आणि किती दिवसांत, एवढंच सांगावं. आणि वाचणाऱ्याला मुळात अडचणच ठाऊक नसेल, तर शिफारशीआधी तिचं एक वाक्य द्यावं. एकच.

तुमचा पुढचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी सारांशाचा शेवटचा परिच्छेद पहिल्या जागी ठेवून पाहा, त्याचा ठराव करता येतो का ते तपासा आणि त्यातला प्रत्येक आकडा कसा आला, ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला समजावून सांगा.